सात व्यासाचा चेंडू

भाईंदर पश्चिमेला, साठ फुटी रस्त्याच्या मागे, मी संध्याकाळी दहावी-अकरावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. परवा टेबलावर एक लाकडी चेंडू ठेवला. व्यास ७ सेंटिमीटर. म्हटलं, आधी परिघ काढा, त्यावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ, त्यावरून चेंडूचं पृष्ठफळ आणि शेवटी घनफळ. रीत सगळ्यांची एकच होती, तरी वह्यांमध्ये तीन उत्तरं आली: १७७, १८० आणि १८२ घन सेंटिमीटर. बेरीज-गुणाकारात कोणाचंही चुकलं नव्हतं.

हे उदाहरण माझं नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं आहे आणि ते साधारण ११५० सालचं आहे. सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जलविड हे आपलं गाव, असं भास्कराचार्य स्वतःच सांगतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. आज आपण ‘मधेच राउंड ऑफ करू नका’ असं मुलांना बजावतो. तीच शिस्त भास्कराचार्यांच्या या उदाहरणातही दिसते.

लीलावतीत वर्तुळाच्या परिघासाठी दोन रीती दिल्या आहेत. एक स्थूल: व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागा. दुसरी सूक्ष्म: ३९२७ ने गुणून १२५० ने भागा. दुसरं गुणोत्तर म्हणजे ३.१४१६. आर्यभटाने ४९९ साली ६२८३२ भागिले २०००० असं तेच दिलं होतं आणि ते ‘आसन्न’, म्हणजे जवळचं आहे, हेही स्पष्ट सांगितलं होतं. जवळचं आणि नेमकं यांतला फरक शब्दातच नोंदवून ठेवायची सवय इतकी जुनी आहे.

आता व्यास ७ घ्या. सूक्ष्म रीतीने परिघ येतो २१ पूर्णांक १२३९/१२५०, म्हणजे २१.९९१२. २२ ला इतका जवळचा आकडा समोर आला की कोणाचाही हात शिवशिवेल. पण ग्रंथात तो अपूर्णांक तसाच ठेवून पुढची पायरी घेतली आहे. परिघाला व्यासाच्या पावपटीने गुणलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८ पूर्णांक २४२३/५०००. त्याची चौपट म्हणजे चेंडूचं पृष्ठफळ, १५३ पूर्णांक ११७३/१२५०. चेंडूवर जाळं ओढून बसवावं तसं हे फळ, अशी उपमा भास्कराचार्यांनी इथे दिली आहे. त्याला व्यासाने गुणून ६ ने भागलं की घनफळ १७९ पूर्णांक १४८७/२५००. दशांशात १७९.५९४८.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने प्रत्येक पायरीला जवळचा पूर्णांक घेतला होता. परिघ २२. क्षेत्रफळ ३८.५ आलं, त्याचे तिने ३९ केले. पृष्ठफळ १५६, घनफळ १८२. शेजारच्या मुलाने साडेअडतीसचे ३८ केले. त्याचं पृष्ठफळ १५२ झालं आणि घनफळ १७७. ज्याने सगळे दशांश शेवटपर्यंत नेले आणि अगदी शेवटी एकदाच पूर्णांक केला, त्याचे १८० आले.

चूक वाढली कशी, ते फळ्यावर मांडलं. ३८.४८४६ च्या जागी ३९ घेतले, तेव्हा फरक होता ०.५१५४. पुढच्या पायरीत ४ ने गुणायचं होतं, त्याबरोबर तो फरकही ४ ने गुणला गेला आणि दोनच्या वर गेला. मग ७ ने गुणून ६ ने भागलं, तेव्हा तो २.४ झाला. अर्ध्याची तडजोड शेवटी जवळजवळ अडीच होऊन परत आली. पुढच्या पायऱ्यांना आधीच्या आकड्यातलं खरं किती आणि आपण चिकटवलेलं किती, हे कळत नाही. त्या दोन्हींना सारखंच गुणतात.

अपूर्णांक सांभाळता येतो, पण वर्गमूळ सुटत नसेल तर काय करायचं? लीलावतीतली यावरची युक्ती मला फार आवडते. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सव्वातीन आहेत, कर्ण हवा. वर्गांची बेरीज १६९/८. अंश-छेदांचा गुणाकार १३५२. याचं मूळ काढून ८ ने भागलं की कर्ण मिळतो. पण १३५२ चं मूळ सुटत नाही. लगेच ३७ धरलं, तर कर्ण येतो ४.६२५. भास्कराचार्य सांगतात, आधी एखाद्या मोठ्या वर्गाने गुणा. ते १०००० घेतात. १,३५,२०,००० चं जवळचं मूळ ३६७७. आता ८ ने आणि १०० ने भागा: ४ पूर्णांक ४७७/८००, म्हणजे ४.५९६२५. आजच्या कॅल्क्युलेटरवर ४.५९६१९ दिसतं. तोडमोड इथेही झाली, पण ती दोन घरं पुढे ढकलून. मूळ काढण्याआधीच आकड्याला जादा अंकांची जागा करून दिली होती.

हा झाला त्या शिस्तीचा अर्धा भाग: मधे अंक राखून ठेवा. उरलेला अर्धा मोजमापातून येतो. लीलावतीतला सात हा नेमका सात आहे, कारण तो उदाहरणात दिलेला आहे. माझ्या टेबलावरचा चेंडू मात्र दोन पुस्तकांत धरून पट्टीने मोजला होता. पट्टीवर मिलिमीटरच्या रेषा आहेत. तेव्हा ७.० चा अर्थ, व्यास ६.९५ ते ७.०५ च्या मधे कुठेतरी. या दोन टोकांची घनफळं काढली, तर १७५.८ आणि १८३.५ येतात. मग १७९.५९४८ मधल्या दशांशांना आधार कसला? चेंडू ते सांगतच नाही.

सार्थक अंक इथे कामाला येतात. ७.० मध्ये भरवशाचे अंक दोन. गुणाकार-भागाकाराच्या साखळीत, ज्या मोजमापात सर्वांत कमी सार्थक अंक असतील, तितकेच उत्तरात ठेवायचे. म्हणून उत्तर १.८ गुणिले १०० असं लिहायचं. नुसतं १८० लिहिलं, तर शेवटचं शून्य मोजलेलं की जागा भरणारं, हे वाचणाऱ्याला समजत नाही. हा नियम ढोबळ आहे. व्यास तीनदा गुणला जातो, त्यामुळे व्यासातली शेकडा ०.७ ची शंका घनफळात शेकडा २ च्या वर जाते. नुसते अंक मोजून हे दिसत नाही, टोकांचे आकडे घालून पाहावेच लागतात. आणि हा नियम फक्त शेवटच्या ओळीसाठी आहे. मधल्या ओळींत एक-दोन अंक जास्तच ठेवायचे.

मग त्या मुलीने विचारलं, “ताई, खरं घनफळ १७५.८ ते १८३.५ मधे कुठेही असू शकतं, तर माझं १८२ चूक कसं?”

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी व्हर्निअर काढला. त्यावर व्यास ७.०० आला, म्हणजे ६.९९५ ते ७.००५. आता घनफळ १७९.२ ते १८०.० मधे बांधलं गेलं. तिने वही पुढे ओढली, नवा व्यास घेतला आणि पुन्हा तसेच पूर्णांक करत गेली. उत्तर पुन्हा १८२. मोजमाप दहापट बारीक झालं होतं, उत्तर मात्र जागचं हललं नव्हतं. तिने ३९ खोडले आणि त्या जागी ३८.४८५ लिहिलं.