गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असताना पायांचा व्यायाम: काय करावे, कसे वाढवावे?

जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ खुर्चीत बसून उठताना गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे दुखते का? विशी-तिशीतही ही तक्रार बरीच आढळते. बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो ‘बैठका बंद करा, गुडघ्याला आराम द्या’ असा. काही दिवस बरे वाटते. मात्र आराम लांबला तर मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि पुन्हा जिना चढायची वेळ आली की वाटी आधीपेक्षा लवकर दुखते. म्हणून व्यायाम सोडायचा नसतो. वाटीला सध्या किती भार सोसतो ते ओळखून तेथून सुरुवात करायची असते.

उभे राहून गुडघा जितका अधिक वाकवाल, तितकी वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. त्यामुळे बैठक सरळ उभे असल्यापासून साधारण ४५ अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनाच्या निम्मी, सहसा सोसते. पूर्ण बैठक सोसत नाही. खुर्चीत बसून, घोट्याला वजन बांधून पाय सरळ करण्याच्या व्यायामात मात्र उलटे घडते. तिथे शेवटच्या टप्प्यात, गुडघा सरळ होत येताना, वाटीवरचा ताण वाढतो. म्हणून सुरुवातीला पाय काटकोनापासून अर्ध्यापर्यंतच उचलावा. जिममध्ये या यंत्रावर पाय पूर्ण ताठ करायला सांगतात, तेव्हा हे लक्षात ठेवा.

गुडघ्याइतकेच लक्ष नितंबाच्या स्नायूंकडे द्यावे लागते. ते कमी पडले तर पायरी उतरताना गुडघा आतल्या बाजूला झुकू शकतो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणे आणि पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे या दोन व्यायामांत वाटीवर फारसा भार येत नाही. त्यामुळे दुखणे जास्त असेल तेव्हा सुरुवात यांनीच करावी.

उदाहरणादाखल, समजा बत्तीस वर्षांची एक स्त्री लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. जिममध्ये एकदम रोज पन्नास बैठका सुरू केल्यावर तिचा गुडघा दुखू लागला. पहिले दोन आठवडे तिने नितंबाचे दोन्ही व्यायाम करावेत आणि स्वयंपाकाच्या ओट्याला हात धरून अर्ध्या बैठका काढाव्यात. दर वेळी आठ, असे तीन फेरे, मध्ये मिनिट-दोन मिनिटे थांबून, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक दिवस. आठाच्या बारा सहज झाल्या की खुर्चीवर दोन उशा ठेवून बसणे-उठणे, मग एक उशी, मग नुसती खुर्ची. त्यानंतर बुटक्या, न हलणाऱ्या पाटावर चढणे-उतरणे. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते, म्हणून कठड्याला हात लावून, सावकाश. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: संख्या, खोली किंवा वजन. ही वाट बहुधा दोन ते तीन महिन्यांची असते.

वाढवायचे की थांबायचे, हे ठरवायला दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तर घाबरू नका. तेवढ्याने सांध्याचे नुकसान होत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. नेहमीचा जिना नेहमीइतकाच दुखला तर भार योग्य होता. जास्त दुखला किंवा गुडघा सुजला, तर एक पायरी मागे या. पुन्हा सगळेच बंद करू नका. वरच्या उदाहरणात एक उशी काढल्यावर सकाळी जिना पाचपर्यंत दुखला, तर दोन उशांवर परत यावे आणि आठवडाभराने पुन्हा प्रयत्न करावा. त्या आठवड्यात लग्नघरी दिवसभर जिने चढ-उतार झाले असतील, तर तेही हिशेबात धरावे; वाटीला व्यायाम आणि धावपळ यांतला फरक कळत नाही!

वाटीचा कटकट आवाज येतो, पण दुखत नाही, तर त्यासाठी व्यायाम बदलण्याची गरज नाही. वाटीला चिकटपट्टी लावून काहींना सुरुवातीचे काही आठवडे व्यायाम सुसह्य होतो, पण पट्टी व्यायामाची जागा घेत नाही.

गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, पडल्यावर लगेच सुजला असेल, लाल व गरम असून ताप असेल किंवा रात्री विश्रांतीतही दुखत असेल, तर हे व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा दुखत असेल आणि ते लंगडत असेल, तर खुब्याचीही तपासणी करून घ्या, कारण खुब्याचे दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते.