एकूण–एचडीएल कोलेस्टेरॉल गुणोत्तर

रक्तातील एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागून येणारी संख्या. धमन्यांत साचणारे आणि तेथून परत नेले जाणारे कोलेस्टेरॉल एकाच आकड्यात येते, म्हणून हृदयविकाराचा धोका वर्तवण्यासाठी ते वापरतात. ब्रिटनमधील क्यूरिस्क गणकात ते आजही आहे.

भारतात मात्र ते जपून वाचावे लागते. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआर–इंडियाब पाहणीत (२०१४) सुमारे ७२ टक्के लोकांचे एचडीएल कमी आढळले. छेदच लहान असला की गुणोत्तर आपोआप फुगते. समजा, म्हसवडच्या एकाचे एकूण कोलेस्टेरॉल १६० आणि एचडीएल ३२ मिग्रॅ./डेसिलिटर आहे, दुसऱ्याचे २५० आणि ५०. दोघांचेही गुणोत्तर ५. पण एकूणातून एचडीएल वजा केल्यास पहिल्याचे नॉन-एचडीएल १२८ भरते, दुसऱ्याचे २००. धमन्यांत शिरणाऱ्या कणांतील कोलेस्टेरॉल दुसऱ्यात कितीतरी जास्त आहे, आणि गुणोत्तर नेमके हेच लपवते.

औषधाने एचडीएल वाढवूनही गुणोत्तर सुधारते. तरी डालसेट्रापिबच्या चाचणीत (२०१२) एचडीएल वाढूनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्यामुळे उपचाराचे लक्ष्य म्हणून गुणोत्तर कुचकामी ठरते. नॉन-एचडीएलमध्ये एलडीएलबरोबर ट्रायग्लिसराइडवाहक कणांचे कोलेस्टेरॉलही मोजले जाते, त्यामुळे मधुमेहींत ते विशेष उपयोगी. त्यासाठी उपाशीपोटी रक्त देण्याची गरज नसते. त्याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० मिग्रॅ.ने जास्त धरतात.