चार-पाच भेटी झाल्या, ओढ वाटू लागली. मेसेजमध्ये हे कसं सांगायचं?

पहिल्या दोन-तीन भेटींत मेसेज सोपे असतात. 'पोहोचलीस का?', 'आज मजा आली', 'पुढच्या रविवारी?' एवढ्यावर काम भागतं. चार-पाच भेटी छान झाल्यावर मात्र गप्पांपलीकडचं काहीतरी जाणवायला लागतं. समोरच्याचा हात, हसणं, जवळ बसणं आठवत राहतं. ते सांगावंसं वाटतं आणि इथेच अनेकांची गाडी अडते. काहीच लिहिलं नाही तर 'याला फक्त मैत्रीच हवी आहे' असा समज होतो. जरा जास्त लिहिलं तर चारही भेटींवर पाणी पडतं.

यावर एक साधा नियम उपयोगी पडतो: मेसेज भेटीच्या मागे चालावा, पुढे नाही. प्रत्यक्ष भेटीत जेवढी जवळीक दोघांच्या मर्जीने झाली आहे, तेवढ्याबद्दल लिहायला हरकत नसते. जे अजून झालेलं नाही, ते झाल्यासारखं किंवा होणारच असल्यासारखं लिहिलं की मेसेज आगाऊ वाटतो.

मेसेजमध्ये हे अवघड का होतं?

समोरासमोर बोलताना माणूस सतत चेहरा वाचत असतो. एखादं वाक्य जड गेलं तर समोरची व्यक्ती नजर वळवते, किंचित मागे सरकते आणि बोलणारा तिथेच थांबतो. मेसेजमध्ये ही सोय नाही. वाक्य पूर्ण जातं, स्वर न घेता जातं आणि फोनमध्ये राहतं. 'खूप छान दिसत होतीस' हे हसून म्हटलेलं वेगळं आणि रात्री दीड वाजता स्क्रीनवर उमटलेलं वेगळं.

मराठीत आणखी एक अडचण आहे. शारीरिक ओढीबद्दलचे रोजच्या वापरातले शब्द एकतर पुस्तकी आहेत, नाहीतर थेट टपोरी. त्यामुळे एरवी मराठीत बोलणारे लोकही इथे पटकन 'हॉट', 'सेक्सी'वर येतात. हे शब्द वाईट आहेत असं नाही. पण पहिल्यांदा ओढ सांगताना ते वापरले की ते त्या व्यक्तीबद्दल न वाटता फक्त तिच्या शरीराबद्दल वाटतात. असा मेसेज कुणालाही पाठवता आला असता.

मराठीची मदत: 'तू अशी आहेस' ऐवजी 'मला असं झालं'

'तुझी फिगर मस्त आहे' हे समोरच्याच्या शरीरावर दिलेलं मत आहे, म्हणजे एक प्रकारची परीक्षा. 'तू हात धरलास आणि मला काय बोलत होतो तेच आठवेना' यात मात्र बोलणारा स्वतःबद्दल सांगतो. ओढ दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्या वाक्यात समोरच्यावर काही लादलेलं नाही.

यासाठी मराठीत क्रियापदाचं एक छान रूप आहे: राहवेना, सोडवेना, निघवेना, आठवेना. 'मी निघालो नाही' यात निर्णय आहे. 'मला निघवेना' यात आपला स्वतःवरचा ताबा जरा सुटल्याची कबुली आहे. ओढ सांगायला हे रूप पुरेसं ठरतं, शरीराचं वर्णन करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. 'तू सुंदर आहेस' हे ढोबळ आहे. 'पावसात केस बांधत होतीस तेव्हा बघतच राहिलो' यात एक क्षण आहे आणि तो दोघांनाही माहीत आहे. सुरुवातीला हात, डोळे, आवाज, हसणं, केस, अत्तराचा वास यांच्यापाशीच थांबावं.

जे विवाहसंस्थळावरून भेटले आहेत, त्यांच्यात अनेकदा अजून 'अहो-जाहो' चालू असतं. अशा वेळी आधी 'आपण एकमेकांना तू म्हणूया का?' हे विचारून घ्यावं. शिवाय तिथे दोन्ही घरांना भेटींची कल्पना असते, त्यामुळे ओढीचा मेसेज लग्नाचा होकार समजला जाऊ शकतो. तो निर्णय अजून झाला नसेल तर ते स्पष्ट सांगितलेलं बरं.

एक उदाहरण: खडकवासल्याहून धायरी फाट्यापर्यंत

समजा, ती धायरीत आई-वडिलांसोबत राहते आणि तो कर्वेनगरला मित्रांसोबत. चौथी भेट खडकवासल्याला झाली. चौपाटीवर कणीस खाल्लं, तासभर पाण्याकडे बघत बसले. उठताना तिने आपणहून त्याचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही. येताना ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली होती. साडेआठला त्याने तिला धायरी फाट्यावर सोडलं आणि दोघं आणखी दहा मिनिटं बोलत उभे राहिले.

आधी या खुणा वाचायला हव्यात. दुचाकीवर खांद्यावर ठेवलेला हात ही खूण नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक लागत असताना तो तोल सांभाळायलाही असतो. आपणहून धरलेला हात मात्र खूण आहे आणि घर जवळ असताना रेंगाळलेली दहा मिनिटंही. म्हणजे त्याला हाताबद्दल लिहिता येईल. त्याच्या पुढचं नाही.

घरी पोहोचल्यावर तो तीन प्रकारे लिहू शकतो.

पहिला: 'यार काय हॉट दिसत होतीस आज, झोपच येणार नाही.' यात ती कुठेच नाही, तिचं दिसणं आणि त्याची झोप एवढंच आहे. उत्तर काय द्यायचं हेही तिला कळत नाही.

दुसरा: 'पुढच्या शनिवारी रूमवर ये ना, रूममेट गावाला चाललेत.' शब्द सभ्य आहेत, पण हात धरण्यापासून रिकाम्या खोलीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्याने एकट्यानेच चढून टाकल्या आहेत. हा मेसेज पहिल्यापेक्षाही जास्त नुकसान करतो.

तिसरा: 'पोहोचलो. एक सांगू? तू हात धरलास ना, त्यानंतर तू काय सांगत होतीस त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. फाट्यावरून निघवेना.'

तिसऱ्यात ओढ स्पष्ट आहे. पण तो झालेल्या गोष्टीबद्दलच बोलतो, थोडं स्वतःवर हसतो आणि काही मागत नाही. तिला वाटलं तर ती हा धागा पुढे नेऊ शकते, नाहीतर 'मग आता परत सांगणार नाही' म्हणून हसून सोडून देऊ शकते. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवणं हीच या मेसेजची खरी बाजू. मेसेज ती पाठवणार असेल तरी हिशेब हाच.

वेळही महत्त्वाची. हा मेसेज घरी पोहोचल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी शोभतो. मध्यरात्रीनंतर तोच मेसेज वेगळा वाचला जातो. आणि तिचा फोन जेवणाच्या टेबलावर उघडा पडलेला असू शकतो, व्हॉट्सॲप ऑफिसच्या लॅपटॉपवर चालू असू शकतं. म्हणून सुरुवातीचा मेसेज असा हवा की आईने चुकून वाचला तर ती लाजेल, पण अडचणीत येणार नाही.

उत्तर कसं वाचायचं?

तिने त्याच धाग्यात भर घातली, उदाहरणार्थ 'मलाही सोडवत नव्हता', तर ओढ दोन्हीकडे आहे. तरीही लगेच तीन पायऱ्या पुढे जायचं कारण नाही. पुढची पायरी विचारून घेता येते: 'पुढच्या वेळी निघताना मिठी मारली तर चालेल?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणं सोपं असतं, म्हणून 'हो' आलं तर त्याला अर्थ असतो. आणि मेसेजमधलं 'हो' हे त्या वेळचं असतं. भेटीत ती बिचकली तर आधीचा मेसेज दाखवून आठवण करून द्यायची नसते.

नुसती स्मायली आली आणि विषय बदलला, तर तो अर्धा होकार नाही. तिने ऐकलं आणि आत्ता तिला त्यावर बोलायचं नाही, एवढंच त्यातून कळतं. आपणही तिच्या नव्या विषयावर जावं आणि पुढची खूण तिच्याकडून येईपर्यंत थांबावं. 'काही बोलली नाहीस?', 'राग आला का?' असे पाठोपाठ मेसेज गेले की पहिल्या मेसेजमधला मोकळेपणा संपतो.

'थोडं हळू घेऊया' असं उत्तर आलं तर ते जसंच्या तसं घ्यायचं. 'हो, नक्की. सांगितलंस ते बरं झालं' एवढं पुरे. त्यानंतरचे मेसेज पूर्वीसारखेच मनमोकळे राहिले, तर हळू घेणं हे नकारापेक्षा वेगळं आहे हे दोघांनाही कळतं.

फोटो आणि कायदा

न मागितलेला अंगप्रदर्शनाचा फोटो कधीच पाठवू नये आणि मागूही नये. 'एकदाच दिसेल' अशी सोय वापरली तरी दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढता येतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 नुसार पुरुषाने स्त्रीवर लैंगिक शेरेबाजी करणं हा गुन्हा आहे. तिने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधत राहणं कलम 78 खाली पाठलाग ठरतं. अश्लील मजकूर किंवा फोटो ऑनलाइन पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 आणि 67अ मध्ये येऊ शकतं. दोघांच्या आवडीने चाललेल्या संवादात हे प्रश्न सहसा येत नाहीत. ते बहुतेकदा येतात समोरून उत्तर थांबल्यावर किंवा 'नको' आल्यावरही मेसेज चालू ठेवले तेव्हा.

चुकून जास्त लिहिलं गेलं तर?

व्हॉट्सॲपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण बदलल्याची खूण दिसते. डिलीट केला तरी डिलीट झाल्याची ओळ उरते आणि 'काय होतं?' हा प्रश्न उभा राहतो. समोरच्याने वाचलं असेल तर खोडाखोड करण्यापेक्षा सरळ लिहावं: 'मघाचं जरा जास्त झालं, सॉरी. उत्तर द्यायची गरज नाही.' त्यापुढे 'मला तसं म्हणायचं नव्हतं', 'तू गैरसमज करून घेऊ नकोस' असं स्पष्टीकरण जोडू नये. त्याने चूक तिच्या समजुतीवर ढकलली जाते. माफीचा एकच मेसेज पाठवून फोन बाजूला ठेवावा. पुन्हा बोलायचं की नाही आणि कधी, हे तिने ठरवायचं.