प्रवासातील बद्धकोष्ठता

लांबच्या प्रवासात शौचाला न होणे, कमी होणे किंवा घट्ट खडा होणे. प्रकृती एरवी निरोगी असलेल्यांनाही हा त्रास होतो आणि बहुधा मुक्कामी पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत तो आपोआप थांबतो.

कारणे : सकाळी उठल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. काही खाल्ले-प्यायले की ती आणखी जोर धरते आणि मळ गुदाशयात येऊन शौचाची भावना होते. ती दाबून ठेवली, तर काही मिनिटांत ओसरते. मळ मात्र आतच राहतो. मोठे आतडे त्यातील पाणी शोषत राहते, त्यामुळे मळ जितका थांबेल तितका घट्ट होतो. आयुर्वेदातही मलवेगाची गणना रोखू नयेत अशा वेगांत केली आहे.

उदाहरणार्थ, रात्री मुंबईहून हावड्याला निघालेला प्रवासी सकाळी गाडीतच जागा होतो. संडासापुढची रांग आणि आतली अस्वच्छता पाहून तो शौच टाळतो. पुन्हा जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितो आणि दिवसभर बिस्किटे, वडे, वेफर्स यांवर भागवतो. दुसऱ्या सकाळी मुक्कामी पोहोचेपर्यंत मळ सुकलेला असतो. त्यामुळे पोट जड वाटते, कुंथावे लागते आणि मूळव्याध असल्यास रक्तही पडते. परदेशी विमानप्रवासात वेळ बदलल्याने आतड्याची सकाळ आणि घड्याळाची सकाळ जुळत नाही.

प्रतिबंध : सहप्रवाशांच्या अर्धा तास आधी उठावे, कोमट पाणी किंवा चहा घ्यावा आणि भावना होताच जावे. सकाळी जमले नाही, तर जेवणानंतरचा अर्धा तास ही दुसरी संधी असते. पाच-दहा मिनिटांत शौच न झाल्यास कुंथत बसू नये. पाणी एकदम न पिता थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची खूण होय. शिदोरीत पेरू, भिजवलेल्या मनुका किंवा अंजीर ठेवावे. पाणी पुरेसे पिणाऱ्याने निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्यावे. ते कोरडे किंवा कमी पाण्यात घेतल्यास घशात वा आतड्यात अडकू शकते. खडा आधीच अडकला असेल, तर इसबगोलाचा उपयोग होत नाही. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच पाणी प्यावे.

धोक्याची लक्षणे : पोट फुगून वायूही सरत नसेल, उलट्या किंवा तीव्र पोटदुखी असेल, तर रेचक न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे. मळातून रक्त गेल्यास किंवा प्रवास संपून आठवडा झाला तरी त्रास टिकल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.