टाइल व रंगाचा अंदाज : पडताळणी (हरिहरेश्वर)

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर येथे घरगुती निवासाच्या खोल्या बांधताना टाइल साधारणपणे श्रीवर्धन किंवा माणगावहून आणावी लागते. दोन टाइल कमी पडल्या तर पुन्हा गाडी पाठवावी लागते आणि नव्या खोक्याचा लॉट वेगळा निघाला तर रंगछटा जुळत नाही. त्यामुळे दुकानदाराचा अंदाज आधीच तपासलेला बरा.

समजा, गिलाव्यानंतर खोली १२ × १० फूट भरते. 'दोन बाय दोन'च्या हिशोबाने ३० टाइल होतात. प्रत्यक्षात टाइल ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना जेमतेम एक सेंटिमीटर कमी असते. लांबीत सहा टाइलनंतर ५८ आणि रुंदीत पाच टाइलनंतर ४८ मिलिमीटरची पट्टी उरते. दाराकडून अखंड टाइल सुरू करून ही पट्टी मागच्या भिंतीकडे ढकलली, तर ती दोन टाइल कापून निघते, एकूण ३२. मात्र दोन्ही बाजूंना सारखे तुकडे हवेत असा घरमालकाचा आग्रह असेल, तर कडेचा प्रत्येक तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा मोठा येतो. एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत आणि गणित ४२ टाइलवर जाते. सरसकट दहा टक्के तूटफूट धरणारा अंदाज इथेच फसतो, म्हणून टक्केवारीआधी मांडणी कागदावर काढावी. दोन्ही कर्ण सारखे आहेत का, तेही पाहावे. फरक असेल तर खोली काटकोनात नाही आणि कडेची पट्टी तिरकी कापावी लागेल.

चार इंची स्कर्टिंगसाठी परिमिती ४४ फूट, त्यातून दाराचे ३ वजा, म्हणजे ४१ फूट. एका टाइलच्या पाच पट्ट्या धरल्या तर पाच टाइल लागतात. ३२ अधिक ५, अधिक दोन मोडतोडीच्या, अशा ३९ होतात. चार टाइलचे खोके असेल तर दहा खोकी.

रंगात खिडक्या-दारांचा प्रश्न येतो. दहा फूट उंचीच्या भिंती ४४० चौरस फूट. ३ × ७ चे दार आणि ४ × ४ च्या दोन खिडक्या मिळून ५३ वजा केल्यावर ३८७ उरतात. पण जांभ्याच्या भिंती जाड असतात. खिडकीच्या आतल्या बाजू सहा इंच असतील तर प्रत्येकीचे ८, म्हणजे १६ चौरस फूट परत मिळवावे लागतात : ४०३. डब्यावर दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट लिहिले असेल तर सुमारे ३.४ लिटर, म्हणजे चार लिटर. छत वेगळे मोजावे. गिलावा न केलेला जांभा सच्छिद्र असल्याने रंग बराच जास्त पितो. तिथे डब्यावरचा आकडा न धरता आधी एक चौकट रंगवून पाहतात.

मजुरीचे मोजमाप निराळे असते. आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजाच करत नाहीत, आणि त्याच्या कडाही मिळवत नाहीत. रंगाऱ्याच्या बिलातला चौरस फुटांचा आकडा आणि डब्यांचा आकडा यामुळेच जुळत नाही. त्यात लबाडी असतेच असे नाही.